अनुभव सात वर्षांचा, नोंद चौदा महिन्यांची

आदरणीय ताई,
मी म्हापशाचा. स्टोअर्स आणि खरेदी विभागात आठ वर्षे काम केले आहे. अलीकडेच एका डिझायनरकडून पैसे देऊन रेझ्युमे नव्याने करून घेतला आणि पाहणारा प्रत्येकजण त्याचे कौतुक करतो. तरीही एका मोठ्या कंपनीकडून मेल आला की या पदासाठी माझ्या प्रोफाइलचे गुण आवश्यक पातळीपेक्षा कमी भरले. माझ्याहून कमी अनुभव असलेल्या मित्राला मात्र मुलाखतीचे बोलावणे आले. हा वशिल्याचा प्रकार समजावा का? दुसरा एक मित्र सांगतो, जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या अक्षरांत रेझ्युमेत टाकून दे, कोणाला दिसणार नाहीत आणि गुण वाढतील. टाकू का?
एक वाचक, म्हापसा

सप्रेम नमस्कार.

पांढरी अक्षरे टाकू नका. त्याचे कारण ओघात येईलच. वशिल्याविषयी एवढेच म्हणेन की तो कुठेच चालत नाही असे सांगण्याइतकी मी भोळी नाही, परंतु वशिल्याने जागा भरायची असेल तर बाकीच्या उमेदवारांचे गुण मोजत बसण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. तुमच्या मेलमध्ये गुणांचा उल्लेख आहे. याचा अर्थ कुठल्या तरी तक्त्यात तुमच्या नावापुढे आकडे मांडले गेले आहेत, आणि ते आकडे कशावरून आले हे शोधून काढता येते. फोंड्याच्या एका मुलीने ते शोधून काढले. तिच्या संमतीने तिची हकीकत सविस्तर सांगते. नाव आणि कंपन्या मात्र गाळल्या आहेत.

ही मुलगी गोवा विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. जुलै २०१७ ते ऑगस्ट २०१८ असे चौदा महिने तिने एका छोट्या प्रयोगशाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून काढले आणि सप्टेंबर २०१८ पासून ती कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे सगळे ज्याला क्यूसी म्हणतात तेथे, काम करीत होती. गोळ्या आणि कॅप्सूल यांच्या प्रत्येक बॅचमध्ये औषधी घटक ठरलेल्या प्रमाणात आहे की नाही, त्यात अशुद्धी किती आहेत आणि गोळी ठरलेल्या वेळात विरघळते की नाही, हे तपासणे हे तिचे रोजचे काम. त्यातले बहुतेक काम एचपीएलसी, म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी, या यंत्रावर चालते आणि त्या यंत्रावर तिचा हात पक्का होता. २०२४च्या अखेरीस वेर्ण्यातील एका औषध कंपनीने वरिष्ठ विश्लेषक पदाची जाहिरात दिली. ५ ते ८ वर्षांचा अनुभव, एचपीएलसीवर स्वतंत्रपणे काम, चाचणीपद्धतीचे व्हॅलिडेशन, मर्यादेबाहेर गेलेल्या निकालांची चौकशी आणि एम्पॉवर हे सॉफ्टवेअर, असे त्यांचे मागणे होते. जाहिरात तिला समोर बसवूनच लिहिली असावी, इतकी ती जुळत होती. तिने अर्ज केला आणि दोन आठवड्यांत तुम्हाला आला तसाच मेल तिलाही आला.

येथे तिने एक गोष्ट फार चांगली केली. मेलला उत्तर देताना तिने ‘माझी निवड का झाली नाही’ असे विचारले नाही. या प्रश्नाला कोणताही एचआर अधिकारी सहसा उत्तर देत नाही, कारण त्या उत्तरातून वाद सुरू होतो. तिने लिहिले की निर्णयाविषयी तिची तक्रार नाही, परंतु जाहिरातीतील कोणत्या अटी तिच्या अर्जात दिसून आल्या नाहीत एवढे कळले तर पुढच्या वेळी अर्ज नीट करता येईल. हा प्रश्न निवडीचा नसून नोंदीचा आहे, आणि नोंद वाचून दाखवणे सोपे असते. चार दिवसांनी तेथील एचआर विभागातून एका बाईंचा फोन आला. सगळेच असे फोन करीत नाहीत, हेही खरे आहे.

बाई म्हणाल्या, “तुमचा एकूण अनुभव येथे एक वर्ष दोन महिने दिसतो आहे. आम्हाला किमान पाच वर्षे हवी होती.”

ती म्हणाली, “मॅडम, मला सात वर्षे होऊन गेली.”

“असतील, पण माझ्या स्क्रीनवर चौदा महिनेच आहेत. एचपीएलसी हा शब्द कुठे दिसत नाही आणि सॉफ्टवेअरचा रकाना रिकामा आहे.”

मग त्यांनी तक्ता वाचून दाखवला. शंभर गुणांपैकी शिक्षणाला १०, अनुभवाला ३०, एचपीएलसीला २०, व्हॅलिडेशन आणि चौकशी यांना प्रत्येकी १५, सॉफ्टवेअरला १० आणि मुलाखतीसाठी किमान ६० आवश्यक. तिला शिक्षणाचे पूर्ण १० मिळाले होते. अनुभव, एचपीएलसी, व्हॅलिडेशन आणि चौकशी या चारही रकान्यांत प्रत्येकी ५ आणि सॉफ्टवेअरमध्ये शून्य. एकूण ३०.

मी बरीच वर्षे कारखान्यांच्या कार्मिक विभागात काम केलेले असल्यामुळे ती रेझ्युमे आणि हे आकडे घेऊन माझ्याकडे आली. रेझ्युमे खरोखर देखणा होता. डावीकडे गडद निळा पट्टा, त्यात कौशल्ये आणि भाषा, उजवीकडे कामाचा अनुभव, सध्याच्या नोकरीचा कालावधी एका रंगीत चौकटीत ठळकपणे उचलून धरलेला आणि खाली तिला येणाऱ्या सॉफ्टवेअरची छोटी छोटी बोधचिन्हे. कागदावर पाहणाऱ्या माणसाला त्यात काहीही खटकले नसते. पण अर्ज आधी माणसाकडे जात नाही. कंपनीच्या भरतीच्या पोर्टलवर फाइल चढवली की एक प्रणाली त्या फाइलमधला मजकूर उपसून काढते आणि नाव, पद, कालावधी, शिक्षण, कौशल्ये अशा रकान्यांत तो बसवण्याचा प्रयत्न करते. एचआरच्या बाईंसमोर होता तो हा रकान्यांचा सारांश. मूळ फाइलही एका क्लिकवर उघडता येते, परंतु एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज आले की पहिली चाळणी बहुधा सारांशावरच होते.

प्रणालीने काय उपसले असेल याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. आम्ही तिची पीडीएफ फाइल उघडली, `Ctrl+A` दाबून सगळा मजकूर निवडला, `Ctrl+C` ने उचलला आणि `Notepad` मध्ये `Ctrl+V` ने टाकला. रंग, पट्टे, चौकटी सगळे गळून पडले आणि उरले त्यातल्या काही ओळी अशा:

```
SKILLS WORK EXPERIENCE
Liquid chromatography Executive
Dissolution testing Assay, related substances,
Documentation stability samples,
LANGUAGES investigation of failing results
Trainee, Quality Control, Jul 2017 - Aug 2018
M.Sc. Chemistry, Goa University
Sep 2018 - Present
```

हे उतारे वाचताना तिचा चेहरा उतरला, आणि तो उतरणे स्वाभाविक होते. डावा आणि उजवा रकाना एकमेकांत शिरले होते. ‘लिक्विड क्रोमॅटोग्राफी’च्या शेपटीला ‘एक्झिक्युटिव्ह’ हे पद चिकटले होते, तर ‘भाषा’ या मथळ्याखाली अपयशी निकालांची चौकशी आली होती. सर्वांत महाग पडली ती शेवटची ओळ. सध्याच्या नोकरीचा कालावधी आपल्या नोकरीपासून तुटून तळाशी, शिक्षणाच्याही खाली, एकटाच जाऊन बसला होता. प्रशिक्षणार्थीपदाच्या तारखा मात्र तिने साध्या ओळीत, पदाच्या शेजारीच लिहिल्या होत्या. त्यामुळे प्रणालीला पद आणि कालावधी अशी एकच पूर्ण जोडी सापडली, आणि तिने चौदा महिने मोजले.

असे का होते, हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे. पीडीएफ फाइलमध्ये ‘हा डावा रकाना’, ‘ही या नोकरीची तारीख’ अशी समज बहुधा नोंदलेलीच नसते. हे अक्षर पानावर या ठिकाणी, ते अक्षर त्या ठिकाणी, अशा सूचनांची ती यादी असते, आणि सूचनांचा क्रम ज्या क्रमाने डिझाइनमधले तुकडे मांडले गेले त्यावर अवलंबून राहतो. तारखेची रंगीत चौकट सर्वांत शेवटी ठेवली गेली असेल तर तिच्यातला मजकूरही शेवटी येतो, मग डोळ्याला ती पानाच्या माथ्यावर का दिसेना. काही प्रणाली जागा पाहून ओळी जुळवतात, पण दोन रकाने शेजारी असले की त्या सरळ डावीकडून उजवीकडे आडव्या वाचत जातात. बोधचिन्हांचे तर विचारूच नका. ती चित्रे असतात आणि चित्रातून मजकूर निघत नाही. एम्पॉवर हे नाव तिच्या रेझ्युमेत केवळ चित्रात होते, म्हणून तो रकाना रिकामा राहिला. याच कारणाने झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून आणलेला रेझ्युमे सर्वांत वाईट ठरतो. त्याचे संपूर्ण पानच चित्र असते. काही प्रणाली अशा चित्रातली अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतात, पण त्यावर विसंबू नये. नोटपॅडमध्ये काहीच उतरले नाही तर समजावे की आपली फाइल या प्रकारची आहे.

आता यात तिची स्वतःची एक चूक होती आणि ती डिझाइनची नव्हती. फाइल चढवल्यावर पोर्टलने तिच्यापुढे एक भरलेला फॉर्म ठेवला होता. असे फॉर्म बऱ्याच पोर्टलवर येतात, आणि उमेदवारांना वाटते की माहिती आपोआप भरली गेली, बरे झाले, श्रम वाचले. वास्तविक तो फॉर्म म्हणजे प्रणालीला आपल्याविषयी काय समजले याचा कबुलीजबाबच असतो, आणि तो दुरुस्त करण्याची मुभाही तेथेच असते. तिने आठवून सांगितले की नोकऱ्यांच्या रकान्यात एकच नोकरी दिसत होती, पण फाइल जोडलेली आहेच म्हणून ती पुढे गेली. तेथे दोन मिनिटे थांबून दुसरी नोकरी हाताने भरली असती तर अनुभवाचे २५ गुण त्याच दिवशी परत आले असते. मला विचाराल तर रेझ्युमेच्या सजावटीवर खर्च केलेल्या सगळ्या वेळापेक्षा ही दोन मिनिटे मोलाची आहेत.

येथवरची गोष्ट ऐकून अनेकजण म्हणतात की मग दोष यंत्राचाच. तसे पूर्ण खरे नाही. आम्ही त्याच तक्त्यावर तिचे गुण पुन्हा मांडून पाहिले, प्रत्येक गुण कशामुळे गेला ते लिहिले, आणि हिशेब वेगळा निघाला. अनुभवाचे २५ आणि सॉफ्टवेअरचे १०, असे ३५ गुण वाचनातल्या गोंधळामुळे गेले होते. उरलेल्या ३५ पैकी २० तिच्या लिहिण्यामुळे, आणि १५ ते काम तिने केलेलेच नव्हते म्हणून.

एचपीएलसीचेच पाहा. तिने ‘लिक्विड क्रोमॅटोग्राफी’ असे लिहिले होते, जे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे नाही. पण शोध घेणारा माणूस खिडकीत `HPLC` ही चार अक्षरे टाइप करतो, आणि साधा शोध असेल तर ती चार अक्षरे जशीच्या तशी असल्याशिवाय अर्ज वर येत नाही. शब्द सापडला तरी एवढ्याने पाचच गुण मिळतात, कारण तक्ता भरणाऱ्याला नुसते नाव पुरत नाही. उमेदवाराने यंत्रावर काय केले, कोणाच्या देखरेखीविना केले, बिघाड आल्यास काय केले, हे त्याला पाहायचे असते. तिच्या मूळ ओळीत चाचण्यांची नावे होती, तिचे काम नव्हते. मी तिला म्हटले की सोमवारी सकाळी यंत्रापुढे उभी राहून तू काय करतेस ते मला सांग आणि तेच लिही. त्यातून जी ओळ तयार झाली तिचा आशय असा होता: गोळ्या आणि कॅप्सूल यांच्या तयार बॅचची आणि स्थिरता नमुन्यांची एचपीएलसीवर औषधी घटकाचे प्रमाण आणि संबंधित अशुद्धी यांसाठी स्वतंत्रपणे तपासणी, चाचणीआधी सिस्टिम सुटेबिलिटी पाहणे, दाब वाढणे, शिखर पसरट होणे अशा अडचणी कॉलम आणि मोबाइल फेज तपासून सोडवणे, क्रोमॅटोग्रामचे इंटिग्रेशन आणि अहवाल एम्पॉवरमध्ये. ज्याने एचपीएलसी चालवले आहे तो ही ओळ वाचताच ओळखतो की लिहिणारीने यंत्र हाताळले आहे. या एका ओळीने त्या रकान्याचे पूर्ण २० गुण मिळण्यासारखे होते आणि सॉफ्टवेअरचे नावही चित्रातून मजकुरात आले.

पदनामाचा घोळही येथेच सांगते, कारण तो गोव्यातल्या कारखान्यांत सर्रास आढळतो. आपल्याकडे क्यूसी विभागात ‘ऑफिसर’ आणि ‘एक्झिक्युटिव्ह’ अशी पदनामे असतात आणि जाहिरात देणारा ‘अ‍ॅनालिस्ट’ शोधत असतो. नेमणूकपत्रात असलेले पदनाम बदलायचे नाही, कारण मागाहून पडताळणी होते. पण पदनामापुढे विभाग आणि काम लिहायला कोणाची हरकत नसते. तिने ‘एक्झिक्युटिव्ह’ या एकट्या शब्दाऐवजी ‘एक्झिक्युटिव्ह, क्वालिटी कंट्रोल, एचपीएलसी विभागात अ‍ॅनालिस्ट’ असे लिहिले.

चौकशीच्या रकान्यात तिने ‘अपयशी निकालांची चौकशी’ असे म्हटले होते. औषध उद्योगात याला सगळे ओओएस म्हणतात, म्हणजे निकाल ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर जाणे, आणि शोध त्याच तीन अक्षरांवर होतो. ते लिहिल्यावर ५ चे १० झाले. १५ मात्र झाले नाहीत. अशा चौकशीचा पहिला टप्पा प्रयोगशाळेतला असतो. वजन चुकले का, द्रावण नीट तयार झाले का, यंत्र नीट चालत होते का, हे त्यात पाहतात. तेथे चूक सापडली नाही तर चौकशी उत्पादन विभागापर्यंत जाते आणि मूळ कारण शोधले जाते. तिने पहिल्या टप्प्याचेच काम केले होते. म्हणून आम्ही ‘ओओएस चौकशी, पहिला टप्पा’ असे नेमके लिहिले आणि उरलेले ५ गुण सोडून दिले.

व्हॅलिडेशनचा प्रश्न याहून नाजूक होता आणि तुमच्या पांढऱ्या अक्षरांचे उत्तर त्यातच आहे. तिने ‘मेथड व्हेरिफिकेशन’ असे लिहिले होते आणि जाहिरातीत ‘मेथड व्हॅलिडेशन’ होते. तिच्या एका सहकाऱ्याने सल्ला दिला की शब्द बदलून टाक, कोण पाहतो. फरक मात्र खरा आहे. औषधकोशात आधीच छापलेली पद्धत आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या नमुन्यावर नीट चालते एवढे दाखवणे म्हणजे व्हेरिफिकेशन. स्वतः बसवलेली पद्धत अचूक आहे, पुन्हापुन्हा तेच उत्तर देते, घटकाला बाकीच्या द्रव्यांपासून वेगळे ओळखते आणि प्रमाण वाढेल तसा तिचा प्रतिसाद सरळ रेषेत वाढतो, हे सारे प्रयोगांनी सिद्ध करणे म्हणजे व्हॅलिडेशन. आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेची क्यू-टू ही मार्गदर्शिका याच कामासाठी आहे. शब्द बदलून न केलेले कामही त्यापुढे लिहिले असते तर १० गुण वाढले असते आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला, कोणते निकष घेतले होते आणि त्यांच्या मर्यादा काय ठेवल्या होत्या या प्रश्नाला, ती अडकली असती. आम्ही व्हेरिफिकेशन तसेच ठेवले, कोणत्या प्रकारच्या चाचण्यांचे केले ते लिहिले आणि ५ गुणांवर समाधान मानले.

पुन्हा मांडलेल्या हिशेबात शिक्षण १०, अनुभव ३०, एचपीएलसी २०, चौकशी १०, व्हॅलिडेशन ५ आणि सॉफ्टवेअर १० असे एकूण ८५ झाले. एकही खोटा शब्द न घालता ३० चे ८५. जे १५ उरले ते तिच्यापाशी नव्हतेच, आणि ते नाहीत हे तिला प्रथमच नेमके कळले.

पांढऱ्या अक्षरांनी यातले काय साधले असते? नोटपॅडमध्ये रंग गळून पडतात हे वर आलेच आहे. प्रणालीच्या सारांशातही तसेच होते. तुम्ही लपवलेले शब्द एचआरच्या स्क्रीनवर काळ्या अक्षरांत, एकाखाली एक, जाहिरातीच्या क्रमाने उमटतात, आणि असा गठ्ठा वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. तो सापडला की उरलेल्या खऱ्या मजकुरावरचा विश्वासही उडतो. समजा, नाही सापडला. शब्दामुळे अर्ज यादीत वर येईल, पण तक्ता भरणारा त्या शब्दामागे काम शोधेल आणि ते नसेल तर पाचाच्या वर जाणार नाही. तुमच्या मित्राला बहुधा असे वाटते आहे की सगळा निवाडा यंत्रच करते आणि त्याला फसवले की झाले. बहुतेक ठिकाणी यंत्र मजकूर लावून देते, क्रम लावते आणि ‘पाच वर्षांचा अनुभव आहे का’ अशा थेट प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ म्हटले तर बाजूला काढते. त्यापुढे माणूसच बसलेला असतो.

मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. रेझ्युमे तिने एका रकान्यात, साध्या वर्ड फाइलमध्ये नव्याने लिहिला. नाव आणि फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये न ठेवता मजकुरातच घेतले, कारण काही प्रणाली हेडर वगळतात. प्रत्येक नोकरीची ओळ पद, कंपनी, गाव आणि कालावधी याच क्रमाने ठेवली, महिना आणि वर्ष दोन्ही लिहिले. नोटपॅडची परीक्षा पुन्हा घेतली. या परीक्षेला एक मर्यादा आहे हे येथे नोंदवते: नोटपॅडमध्ये मजकूर बिघडलेला दिसला तर पोर्टलवरही बिघडण्याचा धोका मोठा, पण नोटपॅडमध्ये नीट दिसला म्हणून पोर्टलवरही नीट बसेल याची खात्री नसते, कारण प्रत्येक प्रणालीची वाचण्याची रीत वेगळी. म्हणून फॉर्म तपासणे सुटत नाही. काही महिन्यांनी त्याच कंपनीत दुसरी जागा निघाली आणि तिला मुलाखतीला बोलावले. मुलाखतीत व्हॅलिडेशनचा प्रश्न आलाच. तिने केले नाही ते केले नाही असे सांगितले. ती जागा व्हॅलिडेशन केलेल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. तिने स्वतःच्या कारखान्यात वरिष्ठांकडे जाऊन पुढच्या व्हॅलिडेशनच्या कामात आपल्याला घ्यावे अशी मागणी केली आणि ती मान्य झाली. सध्या ती तेच काम करते आहे.

आता तुमचे. डिझायनरने दिलेली फाइल आजच नोटपॅडमध्ये उतरवून पाहा आणि आठ वर्षांच्या प्रत्येक नोकरीची तारीख आपल्या नोकरीशेजारी आहे का ते बघा. स्टोअर्सच्या जाहिरातींत एसएपी, जीआरएन, सायकल काउंट असे शब्द असतात. तुमच्याकडे त्या जागी ‘ईआरपी’, ‘मालाची आवक’, ‘साठा तपासणी’ असे लिहिले असेल आणि काम खरोखर तेच केलेले असेल, तर जाहिरातीतले नाव घ्या आणि त्यापुढे तुम्ही काय करता ते लिहा: माल दारात आल्यापासून जीआरएन निघेपर्यंत तुमच्या हातून काय होते, साठ्यात फरक आढळला तर तो कसा मिटवता. एसएपीवर काम केलेले नसेल आणि दुसरीच प्रणाली वापरली असेल, तर त्या प्रणालीचे खरे नाव लिहा. देखणी फाइल फेकू नका. मुलाखतीला जाताना छापून हातात द्यायला ती उत्तम आहे.

ज्या कंपनीने नकार दिला तिला चार ओळींचा मेल पाठवा आणि अर्जात कोणत्या अटी दिसल्या नाहीत एवढेच विचारा. मित्राच्या बोलावण्याचा उल्लेख त्यात नको. उत्तर आले नाही तरी त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करताना एक काळजी घ्या. तोच ईमेल पत्ता वापरला की पुष्कळ पोर्टलवर तुमची जुनी नोंदच उघडते आणि नवी फाइल जोडली तरी रकान्यांत जुनी माहिती तशीच राहू शकते. आधी आपल्या खात्यात जाऊन जुनी फाइल काढा, नोकऱ्या आणि तारखा हाताने तपासा, आणि मगच अर्ज पुढे पाठवा.